अंधारात तयार झालेले एटीपी

हिरवी पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात. या कामासाठी लागणारी ऊर्जा पान प्रथम एटीपी नावाच्या रेणूत साठवते, आणि हे एटीपी प्रकाशातच बनते. मग १९६६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तुम्हांला बुचकळ्यात टाकील. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंद्रे जॅगेनडॉर्फ व अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतील हरितलवकांकडून चक्क अंधारात एटीपी बनवून घेतले! हे कसे घडले, ते समजण्यासाठी आधी उजेडात काय घडते ते पाहू.

हरितलवकाच्या आत, भाकऱ्यांच्या चवडीसारख्या, एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या असतात. त्यांना थायलाकॉइड म्हणतात. पिशवीचे पटल अतिशय पातळ असते, आणि आपले हरितद्रव्य याच पटलात असते. तेथे ते विखुरलेले नसते. प्रथिनांच्या दोन प्रकारच्या संचांत ते बसवलेले असते. या संचांना प्रकाशप्रणाली एक आणि प्रकाशप्रणाली दोन अशी नावे आहेत. गंमत अशी, की काम सुरू होते दोनपासून. एक हिचा शोध आधी लागला म्हणून तिला पहिला क्रमांक मिळाला, एवढेच.

प्रणाली दोनवर प्रकाश पडला, की तिच्या हरितद्रव्यातील एक इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतो. ही रिकामी जागा भरायला इलेक्ट्रॉन येतो तो पाण्याकडून. मँगॅनीजचे चार अणू असलेला एक छोटा संच पाण्याचे दोन रेणू फोडतो. त्यातून चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. ऑक्सिजन हवेत जातो, पण प्रोटॉन मात्र पिशवीच्या आत पडतात. हे लक्षात ठेवा.

बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातो. वाटेत सायटोक्रोमचा एक संच लागतो. येथे उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर बाहेरचे आणखी प्रोटॉन पिशवीत ओढले जातात. पुढे तो प्रणाली एकमध्ये पोहोचतो. तेथे प्रकाश त्याला दुसऱ्यांदा वर फेकतो, आणि मग फेरेडॉक्सिन या वाहकामार्फत तो एनएडीपीला मिळतो. दोन इलेक्ट्रॉन व एक प्रोटॉन मिळून त्याचे एनएडीपीएच होते. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवताना लागणारे इलेक्ट्रॉन याच रेणूतून येतात.

दोनदा उपसा कशासाठी? पाण्यापासून एनएडीपीपर्यंत इलेक्ट्रॉन चढवायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाच्या एका कणात सुमारे १.८ असते. म्हणजे कागदावर एकच कण पुरावा! पण उसळलेला इलेक्ट्रॉन पुन्हा मागे पडू नये म्हणून बरीच ऊर्जा सोडून द्यावी लागते. शिवाय वाटेत प्रोटॉन ओढण्याचे कामही करायचे असते.

आता त्या प्रोटॉनांकडे वळू. उजेडात पिशवीचे आतले पाणी आम्ल होते आणि बाहेरचे किंचित अल्कधर्मी राहते. कोंडलेल्या प्रोटॉनांना बाहेर पडायला मुख्य वाट एकच, ती म्हणजे पटलात बसवलेले एटीपी सिंथेज हे प्रथिन. प्रोटॉन त्यातून बाहेर पडताना त्याचा एक भाग जात्याच्या पाळीसारखा फिरतो, आणि त्या फिरण्याच्या जोराने एडीपी व फॉस्फेट जोडले जाऊन एटीपी बनते. ही मूळ कल्पना ब्रिटनमधील पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा फार थोड्यांना ती पटली होती.

जॅगेनडॉर्फ व उरिबे यांनी नेमके काय केले, ते आता सहज कळेल. त्यांनी थायलाकॉइड प्रथम सुमारे ४ सामू असलेल्या आम्लात ठेवले, त्यामुळे पिशव्या आतून आम्ल झाल्या. मग एडीपी व फॉस्फेट असलेल्या, सुमारे ८ सामूच्या द्रावणात त्या झटकन मिसळल्या. आतले प्रोटॉन बाहेर धावले आणि प्रकाशाचा एकही कण न पडता एटीपी तयार झाले. म्हणजे एटीपी सिंथेजला प्रकाश लागत नाही, प्रोटॉनांचा दाब लागतो. प्रकाश फक्त तो दाब निर्माण करतो.

उलट बाजूनेही हे पडताळता येते. उजेडातील थायलाकॉइडमध्ये अमोनियम क्लोराइड घातले, की आतले आम्ल मारले जाते. मग ऑक्सिजन निघत राहतो, इलेक्ट्रॉन वाहत राहतात, पण एटीपी बनणे मंदावते वा थांबते.

शेवटी थोडा हिशेब. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे एनएडीपीएचचे दोन रेणू बनतात आणि सुमारे बारा प्रोटॉन आत जमतात. पालकातील एटीपी सिंथेजच्या एका फेऱ्याला चौदा प्रोटॉन लागतात व त्यात तीन एटीपी बनतात. बारा प्रोटॉनांत तीन एटीपी पुरे होत नाहीत, साखर बनवायला तर दोन एनएडीपीएचमागे तीन एटीपी हवेत. मग प्रणाली एकमधून उसळलेले काही इलेक्ट्रॉन एनएडीपीकडे न जाता मागे वळून सायटोक्रोमकडे येतात आणि पुन्हा प्रणाली एककडे जातात. या फेरीत पाणी फुटत नाही, एनएडीपीएचही बनत नाही. फक्त प्रोटॉन आत ओढले जातात आणि एटीपीची तूट भरून निघते.