शून्य इकॉनॉमीचा गोलंदाज सर्वांत मोठा का?

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत विदर्भ विरुद्ध मणिपूर असा सामना झाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा फिरकी गोलंदाज अक्षय कर्णेवार याने त्यात चार षटकं टाकली. चारही निर्धाव, धावा शून्य, बळी दोन.

इकॉनॉमी म्हणजे दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. शून्य भागिले चार, उत्तर शून्य. आता नाशिकचे बापू नाडकर्णी घ्या. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात त्यांनी ३२ षटकांत पाच धावा दिल्या, २७ षटकं निर्धाव. पाच भागिले ३२, म्हणजे ०.१६. आकड्यावर कर्णेवार पुढे. मग तो नाडकर्णींपेक्षा मोठा का? थांबा, आधी आकडे कसे बनतात ते बघू.

इकॉनॉमी काढताना एक चूक हमखास होते. फलकावर ३.४ षटकं दिसतात, पण हा दशांश नाही. तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे २२ चेंडू. २२ धावा दिल्या असतील तर इकॉनॉमी बरोबर सहा. कॅल्क्युलेटरवर २२ भागिले ३.४ केलंत तर ६.४७ येईल, आणि पोराच्या नावावर उगाच अर्धी धाव जास्त चढेल.

फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांनी भागायचं नाही, बाद झालेल्या वेळांनी भागायचं. सुनील गावसकरांच्या कसोटीत १०,१२२ धावा, २१४ डाव, त्यातले १६ नाबाद. १०,१२२ भागिले १९८, सरासरी ५१.१२. विनोद कांबळीच्या १,०८४ धावा, २१ डाव, एकदा नाबाद. भागिले २०, सरासरी ५४.२०. म्हणजे कांबळी वरचढ? त्याच्या २२४ आणि २२७ या दोन खेळी बाजूला काढा. उरतात ६३३ धावा, १८ वेळा बाद, सरासरी ३५.१७. दोन डावांनी एवढा फरक पडतो, कारण डावच थोडे आहेत. गावसकरांच्या कोणत्याही दोन खेळी काढल्या तरी सरासरी फारशी हलत नाही.

तिसरा आकडा स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. ३६ भागिले १७४ गुणिले १००, उत्तर २०.६९. "तेव्हा खेळच संथ होता," असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच दिवशी, त्याच मैदानावर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या होत्या. म्हणजे ३६० चेंडू, शंभरामागे जवळजवळ ९३. ती खेळी आजच्या मानाने संथ आहेच, पण त्या दिवसाच्या मानानेही संथच होती. हे कशामुळे कळलं? आपण तिच्या शेजारी त्याच सामन्यातला आकडा ठेवला म्हणून.

आता परत नाडकर्णी आणि कर्णेवार यांच्याकडे येऊ. पहिला फरक मोजणीतच आहे. नाडकर्णींच्या काळी वाइड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागत नसत. ती पद्धत १९८० च्या दशकात बदलली. कर्णेवारचा एक चेंडू जरी वाइड गेला असता तरी त्याचं शून्य मोडलं असतं. इथे नियम कर्णेवारला जास्त कडक होता. दुसरा फरक समोरच्या फलंदाजांचा. मणिपूर हा २०१८ पासून देशांतर्गत क्रिकेटमध्ये आलेल्या नव्या संघांपैकी एक. त्या सामन्यात विदर्भाने २२२ केल्या आणि मणिपूर ५५ वर आटोपला. म्हणजे विदर्भाच्या इतर गोलंदाजांनाही तिथे फार धावा पडल्या नाहीत. तिसरा फरक कामाचा. कसोटीत फलंदाजाला चेंडू सोडून उभं राहता येतं. टी-ट्वेंटीत निर्धाव चेंडू म्हणजे त्याचं थेट नुकसान, त्यामुळे तो मारायला जाणारच. आणि २४ चेंडू अचूक टाकणं वेगळं, १९२ चेंडू टाकणं वेगळं. नाडकर्णींनी तेव्हा सलग १३१ चेंडूंवर धाव दिली नव्हती.

तर "मोठा कोण" याचं उत्तर भागाकारातून निघत नाही. प्रश्न असा विचारायचा: त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं, आणि हा त्यांच्यापेक्षा किती पुढे होता? आपल्याकडे निवड चाचणीत पोरांच्या वह्या आकड्यांवर तपासल्या जातात, म्हणून स्कोअर लिहिणाऱ्यांना एक सांगणं आहे. गोलंदाजाच्या इकॉनॉमीशेजारी त्या डावाचा एकूण रन रेट लिहा. पाचची इकॉनॉमी चारच्या डावात महाग असते आणि नऊच्या डावात सोन्यासारखी. नुसता पाच लिहिलात, तर चांगला पोरगा यादीतून राहून जाईल आणि का राहिला ते कुणालाच कळणार नाही.