यादीत न आलेला अकाउंटंट

चाकणच्या एका कारखान्याला अकाउंटंट हवा होता. टॅली येणारा, जीएसटीची विवरणपत्रं भरलेला, शिकाऊ नको. मी तेव्हा पुण्यात भरतीचं काम करत होतो. नोकरीच्या पोर्टलवर लाखो बायोडेटा पडलेले असतात. ते कुणी एकेक करून वाचत नाही. आम्ही शोधखिडकीत एक ओळ टाइप करायचो, आमच्या भाषेत तिला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. त्या दिवशीची स्ट्रिंग साधारण अशी होती:

```
(accountant OR "accounts executive") AND Tally AND GST NOT trainee
```

OR म्हणजे दोनपैकी कोणताही शब्द चालेल. AND म्हणजे दोन्ही हवेतच. NOT म्हणजे हा शब्द दिसला की तो बायोडेटा बाद. अवतरणचिन्हातले शब्द त्याच क्रमाने, शेजारीशेजारी आले पाहिजेत. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने 1854 मध्ये विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहून जे बीजगणित मांडलं, तेच हे. म्हणून याला बूलियन शोध म्हणायचं.

यंत्र हे कसं करतं ते कळलं की त्याच्या खोड्याही कळतात. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी सूची पोर्टल आधीच करून ठेवतं. फक्त पानांऐवजी बायोडेटांचे क्रमांक. समजा, सहाच बायोडेटा आहेत. ‘accountant’ हा शब्द 1, 3 आणि 4 मध्ये आहे, ‘accounts executive’ 2 आणि 5 मध्ये. ‘Tally’ आहे 1, 2, 4 आणि 6 मध्ये. ‘GST’ पहिल्या पाचांत आहे आणि ‘trainee’ फक्त 2 मध्ये.

आता यंत्र बायोडेटा उघडतच नाही, या याद्यांशीच खेळतं. OR ने पहिल्या दोन याद्या एकत्र केल्या: 1 ते 5. त्यात आणि ‘Tally’च्या यादीत समान कोण? 1, 2, 4. तिघांकडे GST आहेच. ‘trainee’मुळे 2 गेला. उरले 1 आणि 4.

माझ्यासमोर हे दोघे आले. पहिला उत्तम होता. चौथा नुकताच बी.कॉम. झालेला, त्याने लिहिलं होतं की अकाउंटंट व्हायचं आहे आणि टॅली व जीएसटीचा कोर्स लावला आहे. शब्द सगळे जागच्या जागी, अनुभव शून्य. यंत्राने काही चूक केली नाही. शब्द आहे का, एवढंच त्याला विचारलं होतं.

खरी गंमत बाहेर राहिलेल्यांची. दुसऱ्याला आठ वर्षांचा अनुभव होता आणि ‘trainee’ हा शब्द त्याच्याकडे आला तो ‘चार ट्रेनींना शिकवलं’ या वाक्यात. ज्या गोष्टीसाठी त्याला बोलवायला हवं होतं, तिच्यामुळेच तो बाद. तिसऱ्याने, चार वर्षं जीएसटीचं काम केलेल्या माणसाने, फक्त ‘TallyPrime’ असं सलग लिहिलं होतं. सॉफ्टवेअरचं नाव तसंच आहे. पण अख्खे शब्द जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ‘Tally’ आणि ‘TallyPrime’ हे दोन वेगळे शब्द. काही ठिकाणी तारांकन वापरून ‘Tally’पासून सुरू होणारे सगळे शब्द मागता येतात, लिंक्डइनवर ते चालत नाही.

मला हे दोघे कळले ते योगायोगाने, कारण तिसरा माणूस मला आधीपासून माहीत होता आणि तो यादीत का नाही म्हणून मी शोधायला गेलो. बूलियन शोधाचा हाच मोठा दोष मला वाटतो: जो राहिला त्याची खूणही मागे राहत नाही. शेवटचा नंबर आला असता तरी कधीतरी स्क्रोल करून पोचलो असतो, पण तो यादीतच नव्हता. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. ज्याचं काम माहीत आहे असा एक बायोडेटा हाताशी ठेवायचा आणि स्ट्रिंग त्याला पकडते का बघायचं. नाही पकडली, तर एकेक अट काढून आकडा केवढा फुगतो ते पाहायचं. जी अट काढल्यावर माणसांची झुंबड उडते, तिथे नजर टाकायची.

कंसांचंही तसंच. वरच्या ओळीतले कंस विसरलात, तर बहुतेक यंत्रं AND आधी सोडवतात आणि OR नंतर. मग अर्थ होतो ‘कुठलाही अकाउंटंट, किंवा टॅली येणारा अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’. टॅलीचं नावही नसलेले शेकडो अकाउंटंट पहिल्याच पानावर दिसू लागले की समजावं, कंस गळला.

गुण देण्याची पद्धत याहून मुळातच वेगळी. सरकारी भरतीत आधी पात्रतेच्या अटी असतात आणि मग गुणवत्ता यादी लागते. बूलियन ही पात्रतेची चाळणी, स्कोअरिंग ही गुणवत्ता यादी. आपल्या सहा जणांनाच गुण देऊन बघू. पदनाम जुळलं तर 2, ‘Tally’ला 3, ‘GST’ला 3, हिशेबाच्या अनुभवाचा दर वर्षाला 1 पण जास्तीत जास्त 4, आणि ‘trainee’ दिसल्यास 2 वजा. सहा वर्षं काम केलेल्या पहिल्याला 12 पैकी 12. दुसऱ्याचे दोन कापूनही 10. तिसऱ्याला टॅलीचे गुण नाहीतच, तरी 9. शिकाऊ चौथा 8 वर. दोन वर्षं काम केलेला पण टॅली नसलेला पाचवा 7 वर. सहावा टॅलीचे परवाने विकणारा विक्रेता निघाला, त्याला 3.

बघा, ‘TallyPrime’ न कळण्याची चूक इथेही झालीच. पण तिने तिसऱ्याला तीन गुणांनी मागे ढकललं, गायब केलं नाही. स्ट्रिंगमध्ये हीच चूक सगळं काही होती.

म्हणून स्कोअरिंग चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. कुणीच बाहेर जात नसल्याने विक्रेताही यादीत आहे, आणि रेषा कुठे मारायची ते कुणालातरी ठरवावंच लागतं. दहाला मारली, तर तिसरा पुन्हा गेला. शिवाय 9 हा आकडा स्वतःबद्दल काही सांगत नाही. टॅली नाही म्हणून 9 की अनुभव एक वर्षाचा म्हणून 9, हे पाहायला बायोडेटा उघडावाच लागतो. आणि टॅलीला तीनच गुण का, पाच का नाहीत? ते कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. बूलियनमध्ये निदान कारण विचारता येतं, हा शब्द नव्हता म्हणून नाही, विषय संपला.

आणखी एक. बूलियन शोधाला क्रम नसतो. जुळलेले सगळे सारखेच, ‘Tally’ एकदा लिहा नाहीतर वीसदा. मग पोर्टल त्यांना काहीतरी लावून दाखवतं, बहुतेकदा बायोडेटा कधी अद्ययावत केला त्या तारखेने. रोज सकाळी बायोडेटात एक स्वल्पविराम बदलून ‘सेव्ह’ करणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. ती वेडी नसतात.

प्रत्यक्षात दोन्ही एकामागोमाग चालतं. आधी स्ट्रिंगने हजारांचे दोनशे करायचे, मग त्या दोनशेंना गुण. त्यामुळे ‘माझा स्कोअर कमी आला’ म्हणून हळहळणाऱ्या बऱ्याच जणांचा स्कोअर कधी काढलाच गेलेला नसतो. ‘TallyPrime’ वापरत असाल तर शेजारी नुसतं ‘Tally’ही लिहा, आणि बायोडेटा स्कॅन केलेल्या फोटोच्या रूपात चढवू नका. फोटोतून शब्द वेचण्याची सोय तिथे नसेल, तर त्या सूचीत तुमचा एकही शब्द जात नाही.