सुरक्षा पॅचची तारीख काय सांगते

फोन घेताना दुकानदार अँड्रॉइडची आवृत्ती अभिमानाने सांगतो, पण सुरक्षा पॅचची तारीख कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आवृत्तीवरून फोनमध्ये कोणत्या सोयी आहेत ते कळतं. सापडलेल्या त्रुटी कुठपर्यंत बुजवल्या आहेत, हे मात्र ती तारीखच सांगते.

२०१९ चंच उदाहरण घ्या. अँड्रॉइड १० त्या सप्टेंबरमध्ये आली आणि गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल २ फोनला ती लगेच मिळाली. आवृत्ती अगदी ताजी, तरीही त्या फोनच्या कर्नलमध्ये, म्हणजे हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्यामधल्या मूळ थरात, ‘बाइंडर’ नावाच्या भागात एक गंभीर भोक होतं. एखादं घातक अ‍ॅप फोनमध्ये शिरलं, तर त्यातून ते सगळ्या फोनचा ताबा घेऊ शकत होतं. हल्लेखोर या भोकाचा वापर करत असावेत, असे पुरावेही गूगलच्या संशोधकांना मिळाले. आपल्याकडे खूप खपलेला रेडमी ५ए त्यांच्या यादीत होता.

चीड आणणारी गोष्ट अशी, की मूळ लिनक्समध्ये याची दुरुस्ती फेब्रुवारी २०१८ मध्येच झाली होती. पण फोनचा कर्नल सहसा तो बाजारात आला तेव्हाचाच राहतो, वरची अँड्रॉइड बदलली तरी. त्यामुळे ही दुरुस्ती कितीतरी फोनपर्यंत पोचलीच नाही. अखेर ऑक्टोबर २०१९ च्या सुरक्षा पत्रकात तिच्यासाठी ६ ऑक्टोबर ही वेगळी पातळी जोडली गेली. म्हणजे ६ ऑक्टोबरचा पॅच बसवलेली जुनी अँड्रॉइड ९ या बाबतीत सप्टेंबरच्या नव्याकोऱ्या अँड्रॉइड १० पेक्षा सुरक्षित होती.

म्हणून तारखेतला दिवसही बघायचा. साधारणपणे १ तारखेच्या पातळीत अँड्रॉइडच्या सामाईक भागांच्या दुरुस्त्या असतात. ५ तारखेच्या पातळीत त्यांच्यासोबत कर्नल आणि क्वालकॉम, मीडियाटेक यांच्यासारख्या चिप कंपन्यांच्या दुरुस्त्याही येतात.

या तारखेवर डोळे झाकून विसंबायचं कारण नाही. काही कंपन्यांनी तारीख पुढे नेली, पण त्यातल्या काही दुरुस्त्या प्रत्यक्षात बसवल्याच नव्हत्या, असं जर्मनीतल्या एसआर लॅब्सच्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळलं होतं. तरीही जुनी तारीख कधी खोटा दिलासा देत नाही. ती पुढे सरकायची थांबली, की फोनची देखभाल थांबली असं समजावं.

सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा, अँड्रॉइड आवृत्तीवर टॅप करा आणि ‘सुरक्षा अपडेट’ची तारीख वाचा. काही फोनमध्ये ती ‘सुरक्षा’ विभागात असते. ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’ची तारीख वेगळी, तिच्याशी गल्लत करू नका. अपडेट तपासूनही तारीख सहा महिन्यांहून मागेच राहत असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करू नका.