सरकारचे चौदा टक्के आणि शिक्षकाचा प्राप्तिकर



गेल्या उन्हाळ्यात चिखलोलीतल्या एक शिक्षिका माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आल्या. माझा विषय अर्थशास्त्र. त्यामुळे गावात कुणाचा कराचा कागद अडला की तो माझ्या ओट्यावर येतो. बाई म्हणाल्या, "सर, बारा लाखांच्या आत उत्पन्न असलं तर कर नाही ना? मग माझे एकोणऐंशी हजार कसे कापले हो?" त्यांच्याच हिशेबावरून आजचा विषय मांडतो, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या प्रत्येक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध आहे.

त्या तारखेनंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्यासाठी अंशदान निवृत्तिवेतन योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे आपण ज्याला एन.पी.एस. म्हणतो तिच्यात, मिळवली गेली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या दहा टक्के शिक्षकाच्या पगारातून कापतात. सरकार आपल्या बाजूने पूर्वी दहा टक्के घालीत असे, ते २०१९ पासून चौदा टक्के घालते. दोन्ही रकमा शिक्षकाच्या नावच्या खात्यात गुंतवल्या जातात.

आता खरी गंमत इथे आहे. सरकारचे चौदा टक्के आपल्या हातात कधीच पडत नाहीत, तरी कायद्याच्या दृष्टीने ते आपल्या पगाराचाच भाग आहेत. म्हणून हिशेब दोन पायऱ्यांनी करायचा असतो. पहिल्या पायरीत ती रक्कम पगारात मिळवायची आणि दुसऱ्या पायरीत तीच वजावट म्हणून काढून टाकायची. ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय खुळेपणा, डाव्या हाताने द्यायचे आणि उजव्या हाताने घ्यायचे! पण वजावटीला चौदा टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापलीकडे मालकाने काही घातले तर ते करपात्र ठरते. ही मर्यादा तपासता यावी म्हणून दोन्ही पायऱ्या कागदावर दिसाव्या लागतात.

बाईंच्या बाबतीत पहिली पायरी झाली होती, दुसरी राहिली होती. आकडे सोप्या पूर्णांकांत सांगतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दरमहा ९०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १०,८०,०००. घरभाडे वगैरे भत्ते वर्षाला १,५०,०००. हातच्या पगाराची बेरीज झाली १२,३०,०००. सरकारचे चौदा टक्के १,५१,२००. ते मिळवल्यावर एकूण पगार १३,८१,२००. नव्या करपद्धतीत, २०२५-२६ या वर्षासाठी, पगारदाराला ७५,००० ची सरसकट वजावट आहे. ती काढली की १३,०६,२०० उरतात. कारकुनाने इथेच पेन खाली ठेवले. या रकमेवर कर येतो ७५,९३० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून जवळजवळ ७९,०००.

दुसरी पायरी केली असती तर? १३,०६,२०० मधून १,५१,२०० गेले की उरतात ११,५५,०००. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर नव्या पद्धतीत सूट देऊन पूर्ण माफ होतो. म्हणजे बाईंचा कर शून्य! एक ओळ लिहायची राहिली आणि जवळजवळ पाऊण महिन्याचा पगार गेला.

मग चूक ओळखायची कशी? वर्षअखेर मिळणारा पगाराचा कर-दाखला आणि शालार्थची बारा महिन्यांची पगारपत्रके शेजारी शेजारी ठेवावीत. दाखल्यातला एकूण पगार हा पगारपत्रकांच्या बेरजेपेक्षा सरकारी हिश्श्याइतका जास्त दिसला, तर पहिली पायरी झाली असे समजावे आणि वजावटींच्या रकान्यात तीच रक्कम शोधावी. ती नसेल तर विवरणपत्र भरताना आपण स्वतः ती मागू शकतो, कापलेला कर परत मिळतो. बाईंचे पैसे तसेच परत आले. उलट प्रकारही पाहिला आहे: रक्कम पगारात धरलेलीच नाही आणि वजावट मात्र घेतली. तेव्हा क्षणभर फायदा वाटतो. पण तो फायदा खोटा, आणि पुढे व्याजासह भरावा लागतो.

आपल्या स्वतःच्या दहा टक्क्यांचे काय? नव्या पद्धतीत त्यांना काहीच सवलत नाही. याबाबत स्टाफरूममध्ये फार गैरसमज आहे, म्हणून ठासून सांगतो. सवलत आहे ती जुन्या पद्धतीत. तिथे विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्याबरोबर दीड लाखाच्या टोपलीत ही कपात बसते, आणि एन.पी.एस.साठी म्हणून आणखी ५०,००० ची स्वतंत्र जागा आहे. बाईंची कपात १,०८,००० होती. जुनी पद्धत निवडणाऱ्याने त्यातले ५०,००० स्वतंत्र जागेत आणि ५८,००० टोपलीत टाकावेत. मग विम्याच्या हप्त्यांसाठी टोपलीत ९२,००० ची जागा मोकळी राहते. कित्येक जण सगळी कपात टोपलीत कोंबतात आणि ती स्वतंत्र जागा रिकामी ठेवतात.

कलमांचे आकडे मी मुद्दाम सांगत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो, आणि त्यात कलमांचे क्रमांक सारे बदलले आहेत.

आता निवृत्तीचा दिवस. समजा, खात्यात पन्नास लाख जमले. त्यातले साठ टक्के, म्हणजे तीस लाख, एकरकमी घेता येतात आणि त्यांवर कर नाही. ही सवलत पहिल्यापासूनची नव्हे बरं का. आधी सगळी रक्कम करपात्र होती. २०१६ च्या अर्थसंकल्पाने चाळीस टक्के मोकळे केले आणि २०१९-२० पासून साठ. उरलेल्या वीस लाखांची ॲन्युइटी विमा कंपनीकडून घ्यावी लागते. घेताना कर नाही. पण तिच्यातून जे मासिक निवृत्तिवेतन येते ते मात्र त्या त्या वर्षीचे उत्पन्न. कंपनीने वर्षाला सहा टक्के दिले असे धरले, तर १,२०,००० रुपये दरवर्षी उत्पन्नात दाखवायचे. दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर कर येणार नाही, एवढेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने सुधारित योजनेचा पर्याय दिला. तो निवडणाऱ्यांचा शेवटचा हिशेब निराळा, तो आज बाजूला ठेवतो.

बाईंचे यजमान आमच्या एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात आहेत. ते ऐकत बसले होते. म्हणाले, "मग आमच्या पी.एफ.चंही असंच का?" तसे नाही. त्यांच्या बाबतीत कारखान्याचा बारा टक्क्यांपर्यंतचा हिस्सा उत्पन्नात मिळवावाच लागत नाही, त्यामुळे दुसरी पायरी विसरण्याचा प्रश्नच नाही. निधीची रक्कमही करमुक्त मिळते, पण सलग पाच वर्षे नोकरी झाली असेल तर. कारखाना बदलताना जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवली, तर दोन्हीकडची वर्षे एकत्र मोजतात. आमच्याकडची तरुण पोरे दोन वर्षांनी कारखाना सोडतात आणि निधी काढून मोटारसायकल घेतात; तेव्हा मालकाचा हिस्सा आणि त्यावरचे व्याज त्या वर्षीच्या पगारासारखे करपात्र होते.

यजमानांनी लगेच विचारले, माझी तीन वर्षे आधीच्या कारखान्यात झाली, ती धरतील का? मी विचारले, खाते वळवले होते का? त्यांनी बाईंकडे पाहिले. बाई पिशवीत पुन्हा कागद शोधू लागल्या.