जागा शिल्लक, तरी डिस्क भरलेली

लिनक्स सर्व्हरवर `No space left on device` असा संदेश येतो, तेव्हा `df -h` पाव डिस्कच भरल्याचे दाखवू शकते. जागेखेरीज दर फाइलला एक आयनोडही लागतो, आणि आयनोड संपले तरी हाच संदेश येतो. मालकी, आकार आणि मजकुराचा पत्ता त्यात असतो. एक्स्ट४ पद्धतीत आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण १६ केबीमागे एक.

समजा, अलिबागच्या किनाऱ्यावरचे एखादे हवामानयंत्र दर सेकंदाला एक चिमुकली फाइल लिहिते. दिवसाला ८६,४०० फाइली होतात. १६ जीबी डिस्कवरचे सुमारे साडेदहा लाख आयनोड बाराव्या-तेराव्या दिवशी संपतात. फाइल कितीही लहान असली तरी सहसा ४ केबी अडवते, म्हणून तोवर जेमतेम ४ जीबी वापरलेले असतात. `df -i` मात्र १०० टक्के दाखवते. जुन्या फाइली पुसणे किंवा दिवसाची एकच फाइल करणे, हाच उपाय. आयनोड नंतर वाढवायचे तर डिस्कचा भागच वाढवावा लागतो.

दुसरा प्रकार उलटा. `df` डिस्क भरलेली सांगते, पण `du` ने फाइलींची बेरीज केली तर ती थोडीच भरते. अवाढव्य लॉग `rm` ने पुसला, तरी तो लिहिणारा प्रोग्रॅम चालू असेल तर फक्त नाव जाते. जागा अडलेलीच राहते. असे प्रोग्रॅम पुढील आज्ञेने सापडतात:

```
sudo lsof +L1
```

तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. चालू लॉग पुसू नये, `truncate -s 0` ने रिकामा करावा.