ध्रुवीय भोवरा खाली उतरत नाही

दर हिवाळ्यात अमेरिकेत किंवा युरोपात हिमवादळ आलं की वाहिन्यांवर तोच नकाशा झळकतो. उत्तर ध्रुवावरून एक जांभळा लोळ खाली सरकत येतो आणि निवेदक सांगतो, 'पोलर व्हॉर्टेक्स खाली उतरला आहे.' शिकागोत किंवा लंडनमध्ये राहणारे आपले नातेवाईकही फोनवर हेच सांगतात, कारण तिथल्या बातम्यांतही हेच चालतं. ऐकणाऱ्याची समजूत होते की आभाळात खूप उंचावर साठवलेली भयंकर थंड हवा कुणीतरी खाली ओतली. असं काहीही होत नाही.

ज्याला ध्रुवीय भोवरा म्हणतात तो स्थितांबरात असतो, जमिनीपासून साधारण १५ ते ५० किलोमीटर उंचीवर. शरद ऋतूत ध्रुवावर सूर्य मावळतो आणि तिथली हवा थंड होत जाते. मग तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचं एक कडं तयार होतं. ३० किलोमीटर उंचीवर या वाऱ्यांचा वेग भर हिवाळ्यात ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. वसंतात सूर्य परतला की हे कडं विरून जातं. दरवर्षी हेच घडतं.

आता 'ओतण्या'चा हिशेब करू. ३० किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा भाग असतो. तिथली उणे ७५ अंशांची हवा खरोखरच जमिनीपर्यंत आणली, तर वाटेत ती दाबली जाईल, आणि दाबली गेलेली हवा तापते. सायकलचा पंप हाताला गरम लागतो तो याच कारणाने. जमिनीवर पोचेपर्यंत त्या हवेचं तापमान साडेचारशे अंशांच्या वर गेलेलं असेल. शहरं गोठवणारी थंडी तिथून येऊ शकत नाही. शाळेतलं भौतिकशास्त्र एवढं सांगतं, तरी दरवर्षी तोच नकाशा दाखवला जातो!

मग वर घडणाऱ्या गोष्टीचा खालच्या थंडीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजून घ्यायला २०१८ च्या फेब्रुवारीसारखं उदाहरण नाही.

रॉकी पर्वत, हिमालय-तिबेट आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातला फरक यांमुळे वातावरणात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. हिवाळ्यात त्या वर चढतात आणि स्थितांबरात फुटतात. त्या फुटल्या की कड्यातल्या वाऱ्यांना खीळ बसते. वारे मंदावले की ध्रुवावरची हवा खाली बसू लागते, दाबली जाते आणि काही दिवसांत तिचं तापमान ३०, कधी ५० अंशांनी चढतं. यालाच स्थितांबराची आकस्मिक तापमानवाढ म्हणतात. बर्लिनमध्ये १९५२ साली रिचर्ड शेरहाग यांना ती फुग्यांनी वर नेलेल्या यंत्रांच्या नोंदींत प्रथम दिसली, आणि तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये लाटांच्या आधारे तिचं स्पष्टीकरण दिलं. तेव्हा हे सगळं अलीकडचं आहे, असं म्हणणाऱ्यांनी ही सालं लक्षात ठेवावीत. लाटा उठवणारे डोंगर दक्षिण गोलार्धात कमी असल्यामुळे तिथे अशी मोठी घटना नोंदींत एकदाच सापडते, सप्टेंबर २००२ मध्ये.

६० अंश उत्तर अक्षांशावर, ३० किलोमीटर उंचीवरचे सरासरी वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले की ती मोठी घटना मानतात. १२ फेब्रुवारी २०१८ ला नेमकं हेच झालं. भोवरा दुभंगला, एक तुकडा उत्तर अमेरिकेकडे सरकला, दुसरा युरेशियाकडे. त्या दिवशी लंडनमध्ये कुणाला काही जाणवायचं कारणच नव्हतं.

हा बिघाड पुढच्या दिवसांत थराथराने खाली झिरपला. झिरपली ती हवा नव्हे, वाऱ्यांची घडी. आठ-दहा किलोमीटर उंचीवरचा जेट प्रवाह एरवी अटलांटिकवरची उबदार, दमट हवा युरोपात आणतो. तो दुबळा होऊन दक्षिणेला सरकला. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं आणि त्याच्या दक्षिण कडेने वारे उलटे, पूर्वेकडून वाहू लागले. युरोप गोठला तो या वाऱ्यांनी. त्यांनी आणलेली हवा रशिया-सैबेरियाच्या बर्फाच्छादित जमिनीवर, लांबलेल्या रात्रींत उष्णता गमावून थंड झालेली होती. म्हणजे थंडी जमिनीलगत तयार झाली आणि जमिनीलगतच आली.

२६ फेब्रुवारीला रोममध्ये सहा वर्षांनी बर्फ पडला. २८ तारखेला ब्रिटनच्या हवामान खात्याने स्कॉटलंडच्या मध्य पट्ट्यासाठी हिमवृष्टीचा लाल इशारा दिला. १ मार्चला वेल्समधल्या ट्रेडेगर इथे दिवसाचं कमाल तापमान उणे ४.७ अंशांवर अडलं. आणि त्याच सुमारास ग्रीनलंडच्या उत्तर टोकावर, केप मॉरिस जेसप या ठिकाणी, पारा शून्याच्या वर होता, तोही ध्रुवीय रात्रीत! घडी विस्कटली की थंड हवा एका बाजूने दक्षिणेकडे येते आणि उबदार हवा दुसऱ्या बाजूने उत्तरेकडे घुसते. नकाशावरचा तो एकच जांभळा लोळ ही दुसरी बाजू पुरती झाकतो.

बिघाड खाली कसा उतरतो याच्या बारकाव्यांवर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे; पण तो उतरतो हे बाल्डविन आणि डंकर्टन यांनी २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये नोंदींवरून दाखवलं. परिणाम जवळपास दोन महिने रेंगाळू शकतो. म्हणूनच हवामान खाती वरच्या वाऱ्यांवर नजर ठेवतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'तापमानवाढ झाली म्हणजे गरमी होणार' हे चूक; तापते ती वरची विरळ हवा. 'प्रत्येक तापमानवाढीनंतर कडाका' हेही चूक; जानेवारी २०१९ च्या घटनेचा ठसा खालच्या वातावरणावर फारसा उमटला नाही. महिनाअखेरीस शिकागोत पारा उणे ३० च्या खाली गेला, म्हणून तो पुरावा धरतात; पण तो कडाका त्या प्रदेशापुरता आणि थोड्या दिवसांचा होता. उलट, ज्या थंडीने हा शब्द घरोघरी पोचवला, ती जानेवारी २०१४ ची अमेरिकेतली लाट अशा घटनेशिवायच आली होती. जेट प्रवाहाला मोठा बाक आला की तेवढंच पुरतं. 'एवढी थंडी, मग कसलं जागतिक तापमान?' या प्रश्नाला ग्रीनलंडचा तो पारा पुरेसा आहे. मात्र तापणाऱ्या आर्क्टिकमुळे भोवरा जास्त वेळा बिघडतो का, यावर जाणकारांत एकमत नाही. ते सिद्ध झाल्यासारखं सांगणारेही घाई करतात.

आणि निफाडच्या थंडीला ध्रुवीय भोवरा जबाबदार धरणारे दरवर्षी भेटतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांखाली गेला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. स्थितांबरातले वारे उलटले ते त्यानंतर, जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत. आपल्याकडची थंडी येते ती पश्चिमी झंझावात पुढे सरकल्यावर, उत्तरेकडून मोकळ्या झालेल्या कोरड्या वाऱ्यांनी आणि निरभ्र रात्रींनी. मणी तडकण्याची धास्ती असलेल्या बागायतदाराने काश्मीर-हिमाचलातल्या बर्फाची बातमी आणि रात्रीच्या आभाळाचा अंदाज पाहावा.