ओठाला मुंग्या आल्या का?

रात्री पावणेआठला सिस्टरनी कॉटपाशी स्टूल ओढलं आणि मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या दोन अँप्युल त्यांनी शंभर एमएल डेक्स्ट्रोजमध्ये मिसळल्या होत्या. ‘‘एका अँप्युलला दहा मिनिटं. त्याच्या आत नाही,’’ त्या मला म्हणाल्या. रात्रभरात हे वाक्य मी आणखी चारदा ऐकलं.

नांदेडच्या या वॉर्डात मी आलो ते आमच्या हिमायतनगरच्या शेजारच्या मावशीमुळं. गेल्या वर्षी त्यांची थायरॉईडची अख्खी गाठ काढली. ते रुग्णालय दुसरं. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, जखम स्वच्छ होती, आवाजही शाबूत होता. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाल्या, ‘‘ओठाला मुंग्या यायल्यात रे.’’ कुणीतरी म्हणालं अशक्तपणा, म्हणून बी-बाराचं इंजेक्शन झालं. रात्री बोटं आखडून पंजा आत वळला. मावशी घाबरून धापा टाकू लागल्या, तसा हात आणखीच घट्ट झाला. भोकरमार्गे नांदेड गाठेपर्यंत गाडीत मी त्यांची बोटं सोडवत होतो आणि ती पुन्हा मिटत होती. सुट्टीच्या कागदावर मुंग्यांबद्दल एक शब्द नव्हता.

म्हणून हे काम नीट होताना कसं दिसतं, ते मला बघायचं होतं.

आजची बाई ४२ वर्षांची. थायरॉईडचं ऑपरेशन सोमवारी झालं, ही बुधवारची रात्र. मंगळवारी सकाळी तिचं कॅल्शियम ८.६ होतं, म्हणजे ठीकच. बुधवारी दुपारी सिस्टर सलाईन बघायला आल्या आणि नेहमीचा प्रश्न टाकला, ‘‘ओठाला मुंग्या आल्या का? बोटांच्या टोकांना?’’ दुखतंय का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं. बाई म्हणाली, ‘‘थोड्या यायल्यात, पण चालतंय.’’ सिस्टरनी कानापुढं गालावर बोटानं टिचकी मारली. ओठाचा कोपरा फडफडला. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून तीन मिनिटं फुगवून ठेवला. दुसऱ्याच मिनिटाला अंगठा तळव्यात शिरला, बोटं सरळ राहून मुठीच्या सांध्यात वाकली. बांगडी भरताना हात आवळावा तशी. रक्ताचा रिपोर्ट आला ७.१.

‘‘टिचकीनं काही निरोगी माणसांचाही गाल उडतो,’’ सर्जन म्हणाले. ‘‘पट्ट्यानं हात वळला की मात्र मी थांबत नाही.’’

हे होतं कशामुळं? थायरॉईडच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी चिकटलेल्या असतात. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, रंग पिवळट तपकिरी, शेजारच्या चरबीतून ओळखायला अवघड. माणसातल्या या दाण्यांना पॅराथायरॉईड हे नाव स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमनं १८८० मध्ये दिलं. त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, थायरॉईड काढलेले रुग्ण हातपाय आखडून का जातात, ते सर्जनना उमगत नव्हतं. रक्तातलं कॅल्शियम हे दाणे सांभाळतात. ऑपरेशनमध्ये ते चुकून निघतात असंच नाही. त्यांना रक्त पुरवणारी धमनी दोऱ्याहून बारीक असते. ती ताणली गेली तरी दाणा जागेवर राहून मुका होतो. एखादा काळा पडताना दिसला, तर सर्जन त्याचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूत पुरतात. तिथं तो पुन्हा धरतो, पण त्याला काही आठवडे लागतात.

या ग्रंथींचं हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, पण कॅल्शियम उतरायला एक-दोन दिवस घेतं. म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट फसवतो आणि माणूस घरी पोचल्यावर मुंग्या येतात. हार्मोनची तपासणी ऑपरेशननंतर काही तासांतच इशारा देते. या बाईचं ६ आलं होतं. १५ च्या खाली असलं की डॉक्टर सावध होतात. म्हणूनच तिला सुट्टी दिली नव्हती.

आता थेंब पडत होते. शेजारी ईसीजीचा मॉनिटर. कॅल्शियम घाईनं गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ती दहा मिनिटं. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडी जळून मोठी जखम होते, म्हणून सिस्टर दर मिनिटाला मनगटाजवळची जागा चाचपत. सेफ्ट्रियाक्सोन त्यांनी या लाइनमधून देऊ दिलं नाही. कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचा साका होतो. नवरा पायाशी उभा होता. ‘‘ताई, जरा जोरात सोडा ना.’’ सिस्टर घड्याळातून मान न उचलता म्हणाल्या, ‘‘दहा मिनिटं.’’

वीस मिनिटांनी बाईनं ओठ चोळून पाहिले. ‘‘गेल्या.’’

मला वाटलं, संपलं. सिस्टर हसल्या. एका अँप्युलमध्ये खरं कॅल्शियम ९० मिलिग्रॅमच्या आसपास. त्याचा आधार दोन-तीन तासांचा. रात्री एकला मुंग्या परतल्याच. पुन्हा अँप्युल, पुन्हा दहा मिनिटं, आणि मग मोठ्या बाटलीतून पहाटेपर्यंत सावकाश ठिबक. मॅग्नेशियमही तपासायला गेलं, कारण ते कमी असलं तर दिलेलं कॅल्शियम टिकत नाही.

गोळ्या मात्र संध्याकाळीच सुरू झाल्या होत्या, आणि खरा भार त्यांच्यावर. ५०० मिलिग्रॅमच्या दोन, दिवसातून तीनदा, जेवणासोबत. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. शिवाय कॅल्सिट्रिऑलच्या कॅप्सूल, अर्धा मायक्रोग्रॅम दोन वेळा.

इथंच आमच्याकडं घोटाळा होतो. ड जीवनसत्त्व म्हटलं की साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी, असं समीकरण बसलंय. ती पुडी म्हणजे कच्चा माल. मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतं, आणि तसा हुकूम देणारं हार्मोनच इथं नसतं. कॅल्सिट्रिऑल हे ते तयार रूप. साठा भरायला पुडी देतात, पण तिच्या भरवशावर हात सुटत नाही.

शनिवारी बाईला सुट्टी मिळणार होती. कॅल्शियम दोन दिवस ८.२ वर टिकलं होतं. सर्जनना ते मुद्दाम तेवढंच हवं होतं. फार वर नेलं तर जादाचं लघवीतून जाऊन मुतखडा होतो, आणि उरलेल्या दाण्यांना जागं व्हायला कारण राहत नाही. रक्त तपासत गोळ्या आठवड्या-आठवड्यानं उतरवायच्या. बहुतेकांचे दाणे काही आठवड्यांत जागे होतात. सहा महिन्यांनंतरही गप्प राहिले, तर गोळ्या बहुधा कायमच्या.

सिस्टरनी नवऱ्याला समोर बसवून त्याच्याकडूनच म्हणून घेतलं. तो बोटं मोजत म्हणाला, ‘‘थायरॉईडची गोळी पहाटे, उपाशी पोटी, एकटी. कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, भाकरीसंगं. मुंग्या आल्या की फोन, आन् हात वळला की दवाखाना.’’

‘‘बी-बारा?’’ सिस्टरनी विचारलं.

‘‘आधी कॅल्शियम तपासायचं.’’

परतताना मी मावशींच्या घरी गेलो. औषधाचा डबा उघडायला लावला. थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी त्या वर्षभर पहाटे एकाच घोटात घेत होत्या. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला अडवत होतं. ‘‘मुंग्या येतात का अजून?’’ मी विचारलं.

‘‘येतात की कधी कधी,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पण कोणी विचारलंच नाही.’’